तुम्ही विचारलंत म्हणून: राउटर घेण्याआधीचा कागद

«वायफाय आत पोहोचत नाही, तर एक मोठा राउटर घेऊन टाकतो की. त्यासाठी दोन तास दवाखाना मोजत कशाला फिरायचं?»

हे मोजमाप मी सोलापुरात नवी पेठेजवळच्या एका दवाखान्यात एकदा चुकवले होते, म्हणून त्याचेच उदाहरण देतो. इमारत जुनी, भिंती दगडी. रस्त्याच्या बाजूला नोंदणीचे टेबल, त्यामागे डॉक्टरांची खोली, मग बोळ, बोळातून आत एक्स-रेची खोली आणि शेवटी औषधांचे दुकान, अशी पुढून मागे पन्नास फुटांची जागा होती. फायबरची तार पुढूनच आत येत असल्यामुळे राउटर नोंदणीच्या टेबलामागील लोखंडी कपाटावर ठेवलेला होता.

मी रविवारी गेलो. रुग्ण नव्हते आणि सगळी दारे सताड उघडी होती. एक्स-रेच्या संगणकापाशी फोनवरील ॲपने उणे ७१ डीबीएम दाखवले. हा आकडा शून्याकडे जितका सरकेल तितका सिग्नल चांगला असतो, आणि कामाच्या जागी निदान उणे ६७ तरी मिळावा असे मी धरतो. तरीही फरक थोडा आहे, चालून जाईल, असे सांगून मी निघालो. सोमवारी सकाळीच फोन आला. एक्स-रे काढताना शिशाचा पत्रा बसवलेले दार लावावेच लागते, आणि ते लावून मोजले तेव्हा आकडा उणे ८४ वर गेला होता. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते, म्हणजे या १३ च्या फरकात सिग्नल विसाव्या हिश्श्यावर आला होता. मोठ्या राउटरने यात फारसे साधत नाही, कारण त्याचा आवाज वाढला तरी फोनचा किंवा लॅपटॉपचा उलट आवाज तेवढाच राहतो, आणि बोलणे दोन्ही बाजूंनी व्हावे लागते.

तेव्हापासून मी चौकटीच्या कागदावर नकाशा काढतो आणि ऐन गर्दीच्या वेळी, दारे कामाच्या वेळी असतात तशीच ठेवून, यंत्र जिथे वापरले जाते त्याच उंचीवर फोन धरून मोजतो. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे आकडे वेगवेगळे लिहितो, कारण दगडी भिंतीत ५ चा सिग्नल लवकर खचतो. शिवाय सिग्नल चांगला असूनही काम अडते अशा जागी विंडोजच्या लॅपटॉपवर या दोन आज्ञा चालवून पाहतो. पहिलीत तिथल्या राउटरचा पत्ता आहे, दुसरीत बाहेर इंटरनेटवरील गूगलचा:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिलीतच उत्तर यायला लागणारी वेळ वरखाली होऊ लागली, तर दोष दवाखान्याच्या आत आहे. बहुधा शेजारच्या दुकानांचे राउटर त्याच चॅनेलवर असतात, आणि २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच आहेत. पहिली स्थिर आणि दुसरी अडखळत असेल, तर वायफायला हात लावण्याचे कारण नाही. तक्रार इंटरनेट देणाऱ्याकडे करावी.

यंत्रे किती, असे विचारल्यावर डॉक्टरांनी पाच सांगितली होती. राउटरच्या यादीत एकतीस दिसत होती. त्यांतली काही नावे केव्हाच निघून गेलेल्या फोनची होती, कारण दिलेला पत्ता मुदत संपेपर्यंत यादीत राहतो. पण पासवर्ड रुग्णांपर्यंत पोहोचला होता हेही खरे. म्हणून मी यादीवर विसंबत नाही, खोलीखोलीतून हिंडून मोजतो. तिथले चार कॅमेरे जाड तारेने थेट डीव्हीआरला जोडलेले असल्याने नेटवर्कवर डीव्हीआर हे एकच यंत्र धरायचे होते, आणि यूपीआयचा बोलका डबा स्वतःच्या सिमवर चालत असल्याने तो धरायचाच नव्हता.

जे जागचे हलत नाही त्याला तार द्यावी, हा माझा हिशेब आहे. नोंदणीचा संगणक, त्याचा प्रिंटर, एक्स-रेचा संगणक, औषध दुकानातील बिलिंगचा संगणक, डीव्हीआर, टीव्ही आणि बोळाच्या छताला लावायचा, तिथून वायफाय देणारा दुसरा ॲक्सेस पॉइंट, अशी सात टोके झाली. या सगळ्या तारा जिथे जोडायच्या त्या आठ पोर्टच्या स्विचमधील एक पोर्ट राउटरकडे जातो, म्हणजे तो पहिल्याच दिवशी भरला असता. आम्ही सोळाचा घेतला. सर्वांत लांबची तार भिंतीची चढउतार धरून पंचाऐंशी फूट भरली. नेटवर्कच्या तारेला असलेल्या शंभर मीटरच्या मर्यादेपुढे ती किरकोळच होती, पण विजेच्या तारांच्या पाइपातून ती नेऊ दिली नाही.

बोळातील ॲक्सेस पॉइंटमुळे औषध दुकानात उणे ५५ मिळू लागले. एक्स-रेच्या खोलीत दार लावल्यावर फोनला आजही रेंज नसते. तिथला संगणक तारेवर आहे आणि आत फोनची कोणाला गरज पडत नाही, म्हणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या नकाशात ती खोली मी पेन्सिलीने काळी करून तशीच सोडली आहे.