लवकर बरा हो, म्हणजे किती वाजता?

मामाची बायपास ठरली त्याच्या आदल्या रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर नुसता पाऊस पडला. गेट वेल सून मामा, लवकर बरे व्हा, तुम्ही फायटर आहात, हात जोडलेले, फुलं, सूर्योदय, आणि एकाने तर गणपतीचा व्हिडिओ टाकला तो साडेअकरा एमबीचा होता. मामा कॉटवर बसून एकेक वाचत होता, आणि मग चष्मा काढून मला म्हणाला, "लवकर म्हणजे किती वाजता गं?"

मामा सदाशिव पेठेतला आहे त्यामुळे हे तो आजारी नसतानाही म्हणाला असता. पण मी अडकले ना. कारण त्या चाळीस मेसेजमधला एक माझाही होता, आणि तो पण "लवकर बरा हो"च होता.

मामाला त्रास सुरू झाला तो पर्वतीवर. रोज सकाळी चढतो, वीसेक वर्षं तरी झाली असतील, आणि पायऱ्या १०३ आहेत हे तो भेटेल त्याला सांगतो. एक दिवस अर्ध्यात थांबला, छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटलं, खाली उतरला, घरी कोणाला बोलला नाही, दुसऱ्या दिवशी परत गेला (हो, परत गेला) आणि परत थांबला. मग अँजिओग्राफी, तीन ब्लॉकेजेस, आणि डॉक्टर म्हणाले स्टेंटपेक्षा बायपास बरी. त्यानंतर घरी येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य घेऊन यायचा की आजकाल बायपास म्हणजे काहीच नाही हो, आमच्या अमक्यांची झाली, ते आता ट्रेकला जातात. मामाने तिघांना ऐकून घेतलं आणि चौथ्याला म्हणाला, "काहीच नसेल तर तुम्ही घ्या करून, मी डबा आणतो."

आता "काहीच नाही" म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो हे मलाही कळतं. पण बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात, पायातली शीर काढून हृदयाला जोडतात, आणि मग ते हाड तारेने बांधून बंद करतात. ते नीट जुळून यायला सहा ते आठ आठवडे सहज, पूर्ण घट्ट व्हायला तीनेक महिने. ज्याच्यावर हे होणार आहे त्याला हे सगळं डॉक्टरांनी समजावून सांगितलेलं असतं, सही पण घेतलेली असते. त्याच्यासमोर काहीच नाही म्हणायचं म्हणजे तुझी भीती चुकीची आहे असं सांगायचं. आणि मग तो बिचारा भीती आत ठेवून आपल्यालाच धीर देत बसतो, की हो हो, काही नाही, होईल सगळं. म्हणजे भेटायला आपण गेलो आणि धीर त्याने दिला.

ऑपरेशनच्या दिवशी आयसीयूत मोबाईल बंद, आत एका वेळी एकच माणूस आणि तोही पाच मिनिटं. दादा, म्हणजे मामेभाऊ, संध्याकाळी आत जाणार होता, तो म्हणाला तुला काही सांगायचंय का, चिठ्ठी दे. त्याआधी मामी तिच्या चिठ्ठीत "भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे" लिहून मोकळी झाली होती. तिचं ठीक आहे, ती स्वामींचं रोज करते, ते वाक्य तिच्या तोंडचं आहे, आणि ती खरंच तीन दिवस दाराबाहेरच्या खुर्चीवर बसून होती. मी तेच लिहिलं असतं तर ते रिक्षाच्या मागून उतरवून घेतल्यासारखं झालं असतं.

मी पहिल्यांदा लिहिलं, "मामा, सगळं छान झालंय, आता लवकर घरी ये, पर्वती वाट बघतेय." वाचलं आणि फाडलं. सगळं छान झालंय हे मला कुठे माहीत होतं, डॉक्टर फक्त "ऑपरेशन व्यवस्थित झालं, आता ४८ तास बघू" एवढंच म्हणाले होते. घरी लवकर येणं त्याच्या हातात नाही. आणि पर्वती कधी चढता येईल ते कोणालाच माहीत नाही, मग ते आत्ता त्याच्या उशाशी कशाला नेऊन ठेवायचं.

दुसऱ्यांदा लिहिलं, "कसं वाटतंय? दुखतंय का? काही हवंय का?" हे तर आणखी वाईट. नाकातोंडात नळ्या असलेल्या माणसाला तीन प्रश्न. चिठ्ठीत प्रश्न असला की वाचणाऱ्यावर उत्तराचं ओझं येतं, आणि त्याला तर मान हलवायचेही कष्ट होते.

तिसऱ्यांदा मी बाहेर जाऊन चहा प्यायले आणि विचार करत बसले की "बरा हो" यात खुपतं काय. मग लक्षात आलं, तो हुकूम आहे! जेव, झोप, अभ्यास कर, बरा हो. काम त्याचं, आपण फक्त सांगणार. आणि आपल्या मराठीत तर शुभेच्छेचं वेगळं रूप आहेच की, शाळेत परीक्षेपुरतं शिकलो आणि सोडून दिलं. होवो, मिळो, लागो, येवो. पसायदानात बघा, जावो, पाहो, लाहो, तिथे ऐकणाऱ्याला काही करून दाखवायचं नाहीये, त्याच्यासाठी मागणं मागितलंय फक्त. जुन्या पत्रांत पण "प्रकृतीस आराम पडो" असायचं. तो ओ लावला की वाक्यातला काम सांगणारा सूर जातो, आणि आजारी माणसाला नुसतं पडून राहता येतं.

फक्त एक आहे, ओ लावून मोठं काही मागितलं की ते लग्नपत्रिकेसारखं होतं. "आपणांस उत्तम आयुरारोग्य लाभो" वगैरे. म्हणून मागणं लहान पाहिजे, त्या दिवसापुरतं. आयसीयूत दिवे चालू असतात, मशीन टुंग टुंग करत असतात, कोणीतरी सारखं बीपी बघायला येतं, तिथे माणसाला सगळ्यात जास्त काय मिळत नाही तर झोप. मग मी लिहिलं:

"मामा, आज वाईट दिवस आहे, माहितीये. रात्री तुला सलग चार तास झोप लागो. तुझे टोपीवाले मित्र पर्वतीवर लोकांना १०८ पायऱ्या सांगतायत आणि त्यांना खोडायला कोणी नाही. उत्तर देऊ नकोस."

स्केचपेनने, मोठ्या अक्षरात, कारण त्याचा चष्मा मामीच्या पर्समध्ये होता. टोपीवाल्यांचं खरं होतं हां, मी मुद्दाम फोन करून विचारलं होतं आणि ते ठामपणे १०८ म्हणाले. खोटी गंमत चालत नाही, त्याला लगेच वास येतो.

दादा म्हणाला वाचल्यावर मामाने बोटांनी खूण केली, एक, मग मूठ, मग तीन. सिस्टरला वाटलं पाणी मागतोय.

पण मग मी शेफारले. चौथ्या दिवशी त्याला रूममध्ये आणलं, आणि तिथे तो तीन बॉलवाला डबा असतो ना, फुप्फुसाच्या व्यायामाचा, त्यात हवा आत ओढायची असते आणि बॉल वर जातात. मामा जोरजोरात फुंकत होता. बॉल ढिम्म. मी म्हटलं, "मामा, वाढदिवस नाहीये, केक नाही तो." तो हसला, आणि हसता हसता एकदम पांढरा पडला, छातीशी उशी घट्ट धरली आणि डोळे मिटले. खोकताना उशी दाबून धरायला शिकवलेलंच असतं, टाके आणि ते तारेने बांधलेलं हाड हलू नये म्हणून, पण हसताना पण तेच होतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मामी माझ्याकडे असं बघत होती की मी स्वतःच बाहेर जाऊन उभी राहिले.

तेव्हापासून मी हलकं आणि विनोदी यात फरक करायला लागले. हलकं म्हणजे ज्याने तोंडाच्या कोपऱ्यात हसू येतं तेवढंच, छाती हलायला नको. १०८ पायऱ्या हलकं होतं. केक विनोदी होता. आणि आजारावर, नळ्यांवर, शरीरावर जोक करायचा पहिला हक्क पेशंटचा, त्याने केला तर आपण मागून हळूच एक जोडायचा, आपण सुरुवात करायची नाही. हॉस्पिटलच्या चहावर मात्र कोणीही कधीही बोलावं.

पाचव्या दिवशी मामा उपम्याकडे बघून रडला. उपमा बेचव होता, हे खरं, पण त्यासाठी नाही. सिस्टर म्हणाल्या या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना असं होतं, चव जाते, झोप नाही, आणि कारण नसताना रडू येतं, काही आठवडे चालतं. आमच्याकडे सगळे धावले, अरे रडतोस काय, सगळं छान झालंय, बघ किती लवकर चालायला लागलास. तो आणखीच रडला. मी त्या दिवशी काही बोलले नाही कारण केक प्रकरण ताजं होतं, नुसतं उपम्याचं ताट उचललं आणि म्हटलं, "घाण आहे हा." तो हो म्हणाला. नंतर नाक पुसून म्हणाला, "तू एकटीच खरं बोललीस." मला ते फारसं बरं नाही वाटलं, कारण मी बाकीच्यांपेक्षा शहाणी नव्हते, घाबरले होते.

घरी सोडलं आठव्या दिवशी. पहिला आठवडा घरात पाय ठेवायला जागा नव्हती, नारळं, सफरचंदं, आणि "काही लागलं तर सांगा हं" म्हणून जाणारी माणसं. काय लागेल ते कोण सांगतं हो? मामी तर मुळीच नाही. मी सांगून टाकलं की मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री मी झोपायला येतेय, तू आत दार लावून झोप. ती नको नको म्हणाली आणि मंगळवारी साडेनऊलाच झोपली.

पंधरा दिवसांनी ग्रुपवर सगळं शांत. परत गुड मॉर्निंग, परत लग्नाचे फोटो. आणि मामाचे खरे कंटाळ्याचे दिवस तेव्हा सुरू झाले, बादली उचलायची नाही, स्कूटर नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उताणंच झोपायचं. साठ वर्षं डाव्या कुशीवर झोपलेला माणूस. मी त्या दिवसांत रात्री एखादी ओळ टाकायची. "आज खोकला कमी येवो." "वरच्या मजल्यावरचा ड्रिल बंद पडो." एकदा लिहिलं, "कुशीवर वळता येवो." त्याची उत्तरं यायची नाहीत, निळ्या टिका यायच्या, तेवढं पुरे होतं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दोन दिवसांनी, सकाळी पावणेसहाला त्याचा मेसेज आला. "डावी कूस. दोन तास. मामी म्हणते घोरलो, ते खोटं आहे."