क्वालिटीत कसं जायचं, तुम्ही विचारलंत म्हणून

"सर, मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, व्हीएमसीवर काम करतोय. मला क्वालिटीत यायचंय. कुठला कोर्स करू, कुणाला भेटू?"

कुपवाड एमआयडीसीतल्या बऱ्याच पोरांनी मला हेच विचारलंय. माझं उत्तर ऐकून "शेवटी ओळखच लागते" म्हणत ती उठून जातात. ओळखीनं काम होतं, नाही कशाला म्हणू? पण मी ओळखीनं आलो नाही, तेवढं एकदा नीट ऐक.

मीही मशीनवरच होतो. ॲल्युमिनिअमचं हाउसिंग, बोअर ५० एच-७, म्हणजे ५०.००० ते ५०.०२५ मिलिमीटर. आमच्याकडे सगळे पार्ट पास आणि कस्टमरकडून लॉट परत, बोअर ४ मायक्रॉननं लहान. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला विचारलं, "न मोजताच रीडिंग लिहितोस का?" मी मोजलं होतं. ते वाक्य आजही लागतं.

मग मी एका पार्टवर खूण केली. मशीनवरून काढल्या काढल्या बोअर गेजनं मोजला, ५०.०१८ आला. पार्ट ४५ अंशांवर होता, शॉप ३२ वर. तोच पार्ट सरफेस प्लेटवर पूर्ण निवू दिला आणि पुन्हा मोजला, ५०.००३. ॲल्युमिनिअम एका अंशाला मीटरमागं साधारण २३ मायक्रॉन वाढतं. ५० मिलिमीटरला १३ अंशांत १५ मायक्रॉन, हिशेब जुळला. तरी पार्ट पासच होता! उरलेलं कोडं सुटायला वेळ लागला. गेज ज्या रिंगवर सेट करायचो ती स्टीलची, आणि स्टील ॲल्युमिनिअमच्या निम्मंच वाढतं. माप २० अंशांवरचं धरतात, कस्टमरची रूमही तेवढीच गार. तिथं १२ अंश उतरले की पार्ट रिंगपेक्षा ७ मायक्रॉन जास्त आक्रसतो. राहिलं ४९.९९६.

तो कागद मी टेबलावर ठेवला. पुढं पार्ट निवल्यावरच मोजायचं ठरलं, आणि शॉपमध्ये बोअर ५०.०१५ च्या आसपास येईल असा ऑफसेट दिला. नंतर मला लाइन इन्स्पेक्शनला घेतलं. त्या वाक्याबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही.

आधी कोर्स करा, असं मी पूर्वी सांगायचो. मोजमापावर किती भरवसा ठेवायचा ते तपासणारं एमएसए, आकडेवारीनं प्रोसेसवर लक्ष ठेवणारं एसपीसी, हे शिकच. पण इंटरव्ह्यूत "तू सोडवलेलं एक रिजेक्शन सांग" म्हटलं की नुसती कोर्स केलेली पोरं गप्प होतात. आणि सर्टिफिकेट नसलेल्याला मुळात बोलावणंच येत नाही, हेही मी पाहिलंय. यावर माझ्याकडं उत्तर नाही.

ओव्हरटाइम सुटला तर सुरुवातीला हातात कमी पैसे येतील, हे घरी आधीच सांग. तुझ्या मशीनवरचा सगळ्यात जास्त परत येणारा पार्ट घे. त्याच्या एकाच मापाची सलग रीडिंग वेळ टाकून लिही, टूल कधी बदललं तेही लिही. ती वही घेऊन आधी तुझ्याच कंपनीतल्या क्वालिटी इनचार्जला भेट. बाहेर अर्ज नंतर कर.