'आहे'चा सराव-संच, टप्पा ३: 'मला'च्या वाक्यात क्रियापद कुणाचं ऐकतं?

पहिल्या दोन टप्प्यांत सर्वनामांची कार्डं पूर्ण झाली: मी आहे, तू आहेस, तो आहे, आम्ही आहोत, तुम्ही आहात, ते आहेत. 'आपण'ची मात्र दोन कार्डं लागली, कारण बोलणारा स्वतःला धरून बोलत असेल तर 'आपण सगळे इथेच आहोत' आणि समोरच्याला मानाने विचारत असेल तर 'आपण कसे आहात?' इथवर कुणी फारसं अडत नाही. खरी गळती सुरू होते ती या टप्प्यात, 'मला', 'तुला', 'त्यांच्याकडे' यांनी सुरू होणाऱ्या वाक्यांवर.

सगळ्यात जास्त सापडणारी चूक अशी: 'तुला किती भाऊ आहेस?' यामागचा हिशोब सरळ आहे. डोळ्यांना आधी 'तुला' दिसतं, त्यावरून 'तू' आठवतो आणि हात 'आहेस'कडे जातो. पण 'तुला'मध्ये 'ला' लागला की तो शब्द क्रियापदाच्या हिशोबातून बाहेर पडतो. 'कडे', 'जवळ', 'त', 'चा-ची-चे' यांचंही तसंच. म्हणून कार्डाच्या मागच्या बाजूला आता एकच कृती छापली आहे: असं काही चिकटलेले शब्द झाका आणि मोकळं नाम कोणतं उरतं ते बघा. 'तुला' झाकलं की उरतात 'भाऊ', आणि 'किती' विचारलंय म्हणजे अनेक. म्हणून 'तुला किती भाऊ आहेत?' 'आमचं घर मोठं आहे' हेही याच कृतीने सुटतं. 'आमचं' हे घराचं विशेषण आहे, त्यामुळे 'आहोत'ला तिथे जागाच नाही.

आता 'भाऊ' हाच शब्द जवळून बघा, कारण संचातलं सगळ्यात कामाचं कार्ड यातूनच निघालं. 'मुलगा'चं 'मुलगे' होतं, पण 'भाऊ', 'मित्र', 'शिक्षक' अनेकवचनातही तसेच राहतात. त्यामुळे 'मला भाऊ आहे' आणि 'मला भाऊ आहेत' या दोन वाक्यांतला फरक फक्त शेवटच्या 'त'वर उभा आहे. तो 'त' गाळला तर वाक्य चुकीचं वाटत नाही, अर्थच बदलतो. ऐकणाऱ्याला चूक कळत नाही आणि बोलणाऱ्याला ती कुणी दाखवत नाही. म्हणून ही जोडी एकाच कार्डावर ठेवली आहे, आणि उत्तर म्हणून 'किती भाऊ?' हे सांगायचं आहे.

याच्या उलट फसवणूक मापांची. 'टाकीत दोन लिटर पाणी आहे.' 'दोन' दिसला की लगेच 'आहेत' लिहिलं जातं, पण मोकळं नाम 'पाणी' आहे आणि ते मोजलं जात नाही, मापलं जातं. 'पाच मीटर कापड आहे' तसंच. 'माझ्याकडे पाच रुपये आहेत' इथे मात्र रुपये मोजले जातात, म्हणून 'आहेत'.

मानाची वाक्यं आधी वेगळ्या टप्प्यात होती, ती इथे आणली. 'बाबा घरी आहेत' पण 'आई घरी आहे': व्यक्ती एकेकच, तरी बाबांना सहसा आदरार्थी अनेकवचन आणि आईला घरगुती एकवचन. यात चूक होते ती अर्धवट मानामुळे. 'माझा मोठा भाऊ डॉक्टर आहेत' हे कानाला खटकतं. मान द्यायचा तर 'माझे मोठे भाऊ डॉक्टर आहेत', नाहीतर 'माझा मोठा भाऊ डॉक्टर आहे'. विशेषण आणि क्रियापद एकाच बाजूला हवीत.

दोन मोकळे शब्द आले तर? 'माझा खरा मित्र तू आहेस.' इथे 'मित्र'ही मोकळा आणि 'तू'ही. अशा वेळी 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांपैकी जे असेल त्याचंच क्रियापद ऐकतं, ते वाक्यात कुठेही असो. 'तू आणि तो' एकत्र आले तर 'आहात', आणि 'मी' असलेली कोणतीही जोडी 'आहोत'. 'मी आणि ताई इथेच आहोत' हे कार्ड त्यासाठीच आहे.

'ती'ची तीन कार्डं मुद्दाम शेवटी ठेवली: 'ती मुलगी आहे', 'ती मुलं आहेत' आणि नुसतं 'ती कुठे ___?' तिसऱ्याला दोन्ही उत्तरं बरोबर धरायची, पण उत्तर देणाऱ्याने आपल्या डोळ्यासमोर कोण होतं ते सांगायला हवं.

'करतोय', 'करतोयस', 'करतायत' ही जोडरूपं पुढच्या टप्प्यात. तिथे 'मी करतोय' आणि 'आम्ही करतोय' सारखीच दिसतात, म्हणजे 'आहोत'ची खूणच पुसली जाते. त्यामुळे ती या कार्डांत मिसळलेली नाहीत.