आमची वाटचाल : दायित्वाचा रकाना

आम्ही नगरपरिषदांच्या लेखा विभागासाठी ईआरपी बनवतो. मालमत्ता कर, पाणीपट्टी, वेतन, भांडार असं सगळं आज आमच्या प्रणालीत आहे. पण फर्म उभी राहिली ती एका रकान्यावर, आणि तिच्यावर जो बाका प्रसंग आला तोही त्याच रकान्यापायी. तो रकाना दायित्वाचा.

सुरुवात आम्ही दोघांनी केली. माझा भागीदार आधी लेखापरीक्षणाच्या कामात मुरलेला, प्रोग्रॅमिंग माझ्याकडे. तेव्हा फॉक्सप्रो होतं, आणि देयकं डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघायची. भागीदाराची अट अशी, की एक ओळ लिहायच्या आधी लेखा विभागातली अंदाजपत्रक नियंत्रणाची नोंदवही नीट बघायची. तिथल्या लेखापाल मॅडमनी ती आमच्यापुढे उघडून ठेवली. प्रत्येक लेखाशीर्षाला एक पान. कामाला प्रशासकीय मान्यता मिळाली की त्या पेन्सिलीने अंदाजपत्रकीय रक्कम लिहायच्या. कार्यादेश निघाला की ती खोडून निविदेतली स्वीकृत रक्कम, तीही पेन्सिलीनेच. देयक मंजूर झालं की शाईने. शिल्लक काढताना तरतुदीतून शाई आणि पेन्सिल दोन्ही वजा.

ही पेन्सिल म्हणजेच दायित्व. पैसे गेलेले नाहीत, पण शब्द दिलेला आहे. आमची सगळी प्रणाली या पेन्सिलीभोवती बांधलेली आहे, आणि याचा मला आजही अभिमान आहे.

या धंद्यातल्या मंडळींना हे माहीत आहे, तरी सांगतो, कारण बरेच जण इथेच गफलत करतात. दायित्व मान्यतेच्या वेळी बसलं पाहिजे, देयकाच्या वेळी नव्हे. समजा 10 लाखांच्या कामाला मान्यता मिळाली, तर शीर्षातून 10 लाख अडकले. निविदा 9 लाखांची स्वीकारली की 1 लाख मोकळा झाला पाहिजे. पहिलं चालू देयक 4 लाखांचं आलं की खर्च 4 आणि दायित्व 5. शेवटचं देयक 4 लाख 60 हजारांचं निघालं आणि लिपिकाने ‘अंतिम देयक’ या चौकटीत खूण केली, की उरलेले 40 हजार पुन्हा तरतुदीत येतात. ती खूण राहिली तर ते 40 हजार वर्षभर तसेच अडकून बसतात. अशी दहा-बारा कामं साचली की शीर्ष संपल्यासारखं दिसतं, आणि नसलेल्या टंचाईसाठी पुनर्विनियोजनाचे प्रस्ताव सभेपुढे जातात. ओळखायचं कसं? ज्या दायित्वावर बरेच महिने एकही हालचाल नाही, त्यांची यादी काढा. काम पूर्ण झालेलं असेल तर खूणच राहिलेली असते.

आणखी एक. शीर्षाला देयकाची ढोबळ रक्कम लावायची, कपाती वजा जाऊन ठेकेदाराच्या हातात पडलेली नव्हे. आयकर, सुरक्षा अनामत, कामगार कल्याण उपकर या कपातींचे पैसे वेगळ्या खात्यांत जातात, पण खर्च शीर्षाचाच असतो. निव्वळ रक्कम लावली की प्रत्येक देयकागणिक शिल्लक थोडी थोडी फुगत जाते आणि ते मार्चपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

पुढे 2004 ची राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका आली, नंतर महाराष्ट्र नगरपालिका लेखा संहिता 2013 आली, आणि द्विनोंदी उपार्जन पद्धत सगळीकडे गेली. आम्ही लेखाशीर्षांचे सगळे कोड बदलले. पंपाची दुरुस्ती 230 च्या गटात, नवा पंप 410 मध्ये, काम चालू असेल तर 412. दायित्वाच्या रकान्याला मात्र हात लावावा लागला नाही. बाकीची वर्षं ठीक गेली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

मग त्याच नगरपरिषदेत, आमच्या पहिल्या ग्राहकाकडे, नव्या ईआरपीची निविदा निघाली. आमच्यापेक्षा कितीतरी मोठी कंपनी न्यूनतम दराने आली. नियमाने काम त्यांना गेलं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती निविदेतल्या अटींची. ‘अंदाजपत्रकीय नियंत्रणाची सोय असावी’ एवढी एकच ओळ होती. कोणत्या टप्प्यावर नियंत्रण, ते कुठेच लिहिलं नव्हतं. त्यांच्या सादरीकरणात पडद्यावर एक दिवा होता. तरतूद असली की हिरवा, नसली की लाल. सगळ्यांना तो आवडला. मी आणि भागीदार मागच्या रांगेत बसलो होतो. त्या दिव्यामागे काय तपासलं जातं, हे कुणी विचारलं नाही.

खरं तर तिथे तीन वेगळी कुलपं असतात आणि त्यांची गल्लत करणं हा मोठा दोष आहे. पहिलं, त्या शीर्षात तरतूद शिल्लक आहे का. दुसरं, मान्यता देणाऱ्याचा वित्तीय अधिकार त्या रकमेपर्यंत पोचतो का, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने चालेल, की स्थायी समिती, की सर्वसाधारण सभा. तिसरं, त्या रकमेला खरेदीची कोणती पद्धत लागू, म्हणजे दरपत्रकं की ई-निविदा. तरतूद भरपूर असली म्हणून अधिकार मिळत नाही, आणि अधिकार असला म्हणून निविदा चुकत नाही. शिवाय या मर्यादा शासन निर्णयांनी बदलत राहतात, म्हणून प्रत्येक मर्यादेपुढे ती कधीपासून लागू हे लिहिलेलंच असलं पाहिजे. नाहीतर जुन्या मान्यता नव्या मर्यादेने तपासल्या जातात आणि लेखापरीक्षणात नसते आक्षेप निघतात.

बदल आर्थिक वर्षाच्या मध्यावर झाला. नव्या कंपनीने आमच्याकडून माहिती मागितली ती फक्त दोन गोष्टींची, शीर्षनिहाय तरतूद आणि आजवरचा खर्च. सोबत चालू कार्यादेशांची यादीही घ्या, असं आम्ही लेखी कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की त्यांच्या नमुन्यात तो रकाना नाही. ते पत्र भागीदाराने फाईलला लावून ठेवलं.

पाणीपुरवठा देखभाल-दुरुस्तीचं एकच शीर्ष घ्या. तरतूद 40 लाख, झालेला खर्च 18 लाख, निघालेल्या पण देयक न आलेल्या कार्यादेशांचं दायित्व 15 लाख. खरी शिल्लक 7 लाख. नव्या पडद्यावर मात्र 40 मधून 18 जाऊन 22 लाख, आणि दिवा हिरवा. विभागाने निर्धास्तपणे आणखी 16 लाखांची कामं मंजूर करून घेतली आणि ती पूर्णही झाली. देयकं आली आणि दिली गेली. त्यानंतर जुन्या ठेकेदारांची 15 लाखांची देयकं आली. शीर्षात उरले होते 6 लाख. 9 लाखांची कामं झालेली, मोजमाप पुस्तिकेत नोंदलेली, आणि द्यायला तरतूद नाही. असं एका शीर्षात नव्हे, अनेक शीर्षांत झालं.

ठेकेदार दारात उभे राहिले तेव्हा सगळ्यांनी बोट दाखवलं आमच्याकडे. ‘जुन्या प्रणालीतली माहिती चुकीची आली’ असं टिपणीत लिहिलं गेलं, आमचं शेवटचं देयक आणि सुरक्षा अनामत रोखली गेली. एवढ्यावर थांबलं नाही. शेजारच्या दोन नगरपरिषदांनी आमचे देखभाल करार लांबवले, कारण बातमी पसरायला वेळ लागत नाही. मुलांचे पगार थकले. भागीदाराने स्वतःच्या ठेवी मोडल्या. खोटी टिपणी एका कारकुनाच्या हातून लिहिली जाते आणि एका छोट्या फर्मचा गळा आवळला जातो, हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

आम्हाला वाचवलं त्या लेखापाल मॅडमनी. संगणक आल्यावरही त्यांनी नोंदवही बंद केली नव्हती. त्यांनी ती पानं आणि आमच्या प्रणालीतून बदलाच्या दिवशी छापलेलं दायित्व पत्रक शेजारी ठेवलं आणि कार्यादेश क्रमांकाने एकेक ओळ जुळवली. मुख्याधिकाऱ्यांना त्या म्हणाल्या, “साहेब, पेन्सिलीचे आकडे यांच्याकडे होते, तिकडे गेलेच नाहीत. पत्र आहे फाईलला.” ते पत्र निघालं आणि टिपणी बदलली. तुटीची कामं सुधारित अंदाजपत्रकात आणि पुनर्विनियोजनात बसवावी लागली. आमचं देयक सुटलं, अनामत मात्र बरीच उशिरा आली. त्या विलंबाबद्दल एका शब्दानेही कुणी दिलगिरी व्यक्त केली नाही.

आता मुख्याधिकाऱ्यांना आणि लेखापालांना, कुणी विचारलं नसलं तरी, काही गोष्टी सांगतो. निविदेत ‘अंदाजपत्रकीय नियंत्रण’ असं मोघम लिहू नका. मान्यता, कार्यादेश आणि देयक या तिन्ही टप्प्यांवर दायित्व कसं बदललं पाहिजे ते उदाहरणासह लिहा आणि सादरीकरणात तेच उदाहरण करून दाखवायला लावा. त्यांना अर्धवट कामाचं अंतिम देयक करायला सांगा, म्हणजे उरलेली रक्कम परत येते की नाही ते समोरच दिसेल. माहिती हस्तांतरात खुल्या कार्यादेशांची यादी सक्तीची करा, आणि दायित्वाची बेरीज जुन्या-नव्या प्रणालीत जुळल्याशिवाय जुनी बंद करू नका.

खरेदी तुकड्यांत पाडण्याबद्दलही सांगतो. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांनी ती स्पष्टपणे मना केली आहे, आणि आपल्याकडेही लेखापरीक्षकाची नजर आधी तिथेच जाते. पण नुसती रकमेची मर्यादा लावून प्रणाली ते पकडत नाही. एकाच आठवड्यात ‘पथदिवा’, ‘एलईडी फिटिंग’ आणि ‘रस्त्यावरील दिवे’ अशा तीन मागण्या, तिन्ही मर्यादेच्या जरा खाली. नावं वेगळी म्हणून प्रणालीच्या लेखी खरेदीही वेगळी. म्हणून वस्तूंची यादी लिपिकाला टाइप करू देऊ नका, ठरलेल्या गटातूनच निवडायला लावा, आणि एका विभागाची एका गटातली वर्षभराची बेरीज प्रत्येक नव्या मागणीपुढे दाखवा. आम्ही बेरीज मर्यादेपलीकडे गेली तरी मागणी अडवत नाही. जलवाहिनी फुटली तर दुरुस्तीचं साहित्य लगेच लागतंच. प्रस्ताव कारणासह वरच्या अधिकाऱ्याकडे जातो, आणि ते कारण कायम नोंदलेलं राहतं.

31 मार्चला अपूर्ण कार्यादेशांचं काय करायचं, हे आम्ही त्या प्रकरणानंतरच पक्कं केलं. तरतूद त्या रात्री व्यपगत होते, काम मात्र व्यपगत होत नाही. म्हणून वर्ष बंद करायच्या आधी प्रणाली प्रत्येक खुल्या कार्यादेशाची उर्वरित रक्कम मागील दायित्व म्हणून नव्या वर्षाच्या त्याच शीर्षात सर्वांत आधी बसवते, आणि त्यानंतरच नव्या मान्यतेसाठी शिल्लक दाखवते. ते पत्रक लेखापालांच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. मॅडम आता निवृत्त झाल्या. त्यांच्या नोंदवहीतले रकाने ज्या क्रमाने होते, त्याच क्रमाने आम्ही ते पत्रक छापतो.