दोन पायऱ्या खाली

“मॅडम, कोलिस्टिनच्या जोडीला मेरोपेनेम दिलं तर सिनर्जी मिळते का? एक प्लेट लावून सांगाल?”

हा फोन बहुतेक वेळा दुपारी येतो. ठाण्यातल्या नाहीतर वाशीतल्या एखाद्या आयसीयूतून. पेशंट व्हेंटिलेटरवर असतो, असिनेटोबॅक्टर हा जंतू वाढलेला असतो आणि रिपोर्टवर बहुतेक औषधांपुढे ‘रेझिस्टंट’ लिहिलेलं असतं. सिनर्जी म्हणजे दोन औषधांनी एकमेकांचं बळ वाढवणं. प्लेट मी लावते. चारला लावली की दुसऱ्या दिवशी दहाला, ठाण्याहून लोकलने तुर्भ्याच्या लॅबमध्ये पोचल्या पोचल्या वाचते. पण आकडा कळवताना तो कसा आला हेही सांगते, कारण नुसत्या आकड्याचा भलताच अर्थ निघतो.

प्लेटला ९६ खळगे असतात, आठ ओळी आणि बारा रकाने. आडव्या दिशेला मेरोपेनेम १२८ पासून निम्मं निम्मं करत पाव मायक्रोग्रॅमपर्यंत उतरवायचं आणि अकरावा रकाना मेरोपेनेमशिवाय ठेवायचा. उभ्या दिशेला कोलिस्टिन ४ पासून ०.०६ पर्यंत, शेवटची ओळ कोलिस्टिनशिवाय. बारावा रकाना जंतूंशिवाय, म्हणजे माध्यम स्वच्छ आहे ना ते कळतं. बाकी प्रत्येक खळग्यात म्युलर-हिंटन ब्रॉथ आणि मिलिलिटरला पाच लाख जंतू. मग ३५ अंशांवर १६ ते २० तास. प्रत्येक घरात दोन औषधांची वेगळी जोडी, म्हणून नाव चेकरबोर्ड. सकाळी काही घरं गढूळ असतात, काही नितळ, आणि त्यांच्यामध्ये पायऱ्यापायऱ्यांची एक सीमा दिसते.

एक औषध एकट्याने ज्या सर्वांत कमी मात्रेला वाढ थांबवतं, ती त्याची एमआयसी. सीमेवरच्या नितळ घरात प्रत्येक औषधाची मात्रा त्याच्या एकट्याच्या एमआयसीच्या कितवा हिस्सा आहे ते काढायचं आणि दोन्ही हिस्से मिळवायचे. ही बेरीज म्हणजे एफआयसी इंडेक्स. ०.५ किंवा कमी आली तर सिनर्जी, ४ पेक्षा जास्त आली तर अँटॅगोनिझम, म्हणजे औषधं एकमेकांच्या आड येतात. मधल्या पट्ट्यातल्या ०.५ ते १ ला जुनी पुस्तकं ‘अ‍ॅडिटिव्ह’ म्हणतात. मी तो शब्द रिपोर्टवर लिहीत नाही. का, ते एका मुद्दाम केलेल्या प्रयोगातून कळतं.

दोन्ही दिशांना एकच औषध लावा, मेरोपेनेमविरुद्ध मेरोपेनेम. औषध स्वतःलाच मदत करू शकत नाही, तेव्हा बेरीज बरोबर १ यायला हवी. आता समजा, या जंतूला थांबवायला खरं तर १७ मायक्रोग्रॅम लागतात. आपल्या प्लेटवर १७ चं घरच नाही. १६ ला तो वाढतो, ३२ ला थांबतो, म्हणून एमआयसी ३२ लिहिली जाते. पण जोडीच्या घरांत १६ अधिक १ हे १७ होतात, ते घर नितळ दिसतं, आणि हिस्से मिळवले की ०.५३ येतात. मात्रा दुपटीच्या पायऱ्यांनी उतरत असल्यामुळे एवढी तफावत आपोआप पडते. म्हणून ०.५ च्या वरचा आकडा ‘थोडा फायदा आहे’ असं वाचू नये. सिनर्जीची रेषा ०.५ ला ठेवण्यातलं शहाणपण मला इथे दिसतं. दोन्ही औषधं आपापल्या एमआयसीपासून किमान दोन-दोन पायऱ्या खाली आली, की पाव अधिक पाव ०.५ होतात. एका पायरीचा फरक तर एमआयसी पुन्हा केली तरी पडतोच.

हे माझ्यावरच ओढवलं होतं. अशाच एका असिनेटोबॅक्टरची मेरोपेनेम एमआयसी ६४, कोलिस्टिनची २, आणि १६ अधिक ०.५ चं घर नितळ. पाव अधिक पाव, ०.५. मी आनंदाने फोनवर ‘सिनर्जी’ सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तोच जंतू पुन्हा लावला. तेच घर नितळ, सीमा तिथेच, फक्त मेरोपेनेमची एकट्याची एमआयसी ३२ आली. आता अर्धा अधिक पाव, ०.७५. जोडीच्या घरांत काहीच बदललं नव्हतं, तरी निकाल फिरला. डॉक्टरांना पुन्हा फोन करावा लागला. तेव्हापासून एकट्या औषधाच्या ओळी त्याच प्लेटवर, त्याच द्रावणातून भरते, जुन्या रिपोर्टवरची एमआयसी कधी वापरत नाही. एकाच जंतूच्या तीन प्लेटा वेगवेगळ्या दिवशी लावते आणि तिन्हींचं मत जुळलं तरच शब्द वापरते. जंतूंची संख्याही मोजून बघते, कारण ती पाच लाखांऐवजी पन्नास लाख पडली तर मेरोपेनेमची एमआयसी वर सरकू शकते, आणि तिच्यावरून काढलेले सगळे हिस्सेही बदलतात.

समजा तिन्ही प्लेटा जुळल्या, खरोखर ०.५ आलं. तरी पहिल्या प्लेटवरचं ते घर पुन्हा बघा, मेरोपेनेम १६. युरोपच्या निकषांत असिनेटोबॅक्टरसाठी ८ च्या वर रेझिस्टंट. इंडेक्स हा गुणोत्तरांचा खेळ आहे. ६४ वरून १६ आणि ४ वरून १ त्याला सारखेच. रुग्णाच्या रक्तात मात्र दुसरी मात्रा सहज साधते, पहिली नाही.

आणि नितळपणा वाढ थांबल्याचं सांगतो, जंतू मेल्याचं सांगत नाही. लेपर आणि डाउलिंग या डॉक्टरांनी १९५१ साली न्यूमोकॉकल मेनिंजायटिसच्या रुग्णांची नोंद छापली. नुसत्या पेनिसिलिनवरच्या ४३ जणांपैकी १३ दगावले, पेनिसिलिनला ऑरिओमायसिनची जोड दिलेल्या १४ पैकी ११. पेनिसिलिन वाढत्या जंतूला मारतं आणि ऑरिओमायसिन वाढच थांबवतं, त्यामुळे मारणाऱ्याचे हात बांधले गेले. अशी जोडी चेकरबोर्डवर निर्धोक दिसू शकते, कारण घर नितळच राहतं. तिथे टाइम-किल लागतो. त्यात ठरावीक तासांनी नमुना काढून जिवंत जंतू मोजतात, आणि २४ तासांनी जोडीने दोघांतल्या चांगल्या औषधापेक्षा किमान शंभरपट कमी जंतू उरवले तर सिनर्जी म्हणतात.

तुम्ही विचारता त्याच जोडीची मोठी चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ४०६ रुग्ण, बहुतेकांना असिनेटोबॅक्टर. उपचार अपयशी ठरण्याचं प्रमाण नुसत्या कोलिस्टिनवर ७९ टक्के, मेरोपेनेमच्या जोडीवर ७३, आणि हा फरक योगायोगाच्या पलीकडचा ठरला नाही. पुढे त्यांच्याच जंतूंवर चेकरबोर्ड लावून पाहिलं, तर प्लेटवर सिनर्जी दिसलेल्या रुग्णांचं जोडीवर अधिक भलं झालेलंही दिसलं नाही.

म्हणून हल्ली रिपोर्टवर मी इंडेक्सच्या आधी मात्रा लिहिते: कोलिस्टिन ०.५ असताना मेरोपेनेमची एमआयसी ६४ वरून १६, तीनपैकी दोन प्लेटांवर. खाली डॉक्टरांसाठी एक ओळ, की १६ म्हणजे अजून रेझिस्टंटच.