काकांची कढी

नागपुरात आमच्या त्रिमूर्तीनगरच्या स्वयंपाकघरात जाऊबाई वडाभात करतात आणि व्हॉट्सॲप बिझनेसवरच्या ऑर्डरी मी सांभाळते. वडाभात कोरडा प्रकार आहे. डाळी भिजवून भरड वाटायच्या, वडे तळायचे, ते गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीचं कडकडीत तेल ओतायचं. घास घशाखाली उतरायला सोबत कढी लागते. म्हणून कढीची आठवण करून देण्यात मला कधी संकोच वाटला नाही.

ऑर्डर आली की मी `/kadhi` टाइप करायची आणि साठवलेला मजकूर उमटायचा, 'सोबत कढी पाठवू का? पाव लिटर ४० रुपये.' दहातले सहा जण हो म्हणायचे. हिशेबाच्या वहीत कढीची ओळ वाढत गेली आणि मी खूश होते.

एक काका दर रविवारी एक प्लेट मागवत. माझ्या प्रश्नाला त्यांचं उत्तर नेहमी एकच असायचं, 'बरं, पाठवा.' उन्हाळ्यात मी श्रीखंडाचंही विचारायला लागले. तेही 'बरं'. १२० रुपयांचं बिल २२० वर गेलं. मग सलग तीन रविवार त्यांचा मेसेज आलाच नाही.

चौथ्या रविवारी त्याच नंबरावरून त्यांची मुलगी बोलली. पुण्याहून आली होती. म्हणाली, "ताई, बाबांच्या फ्रीजमध्ये तुमच्या कढीचे चार डबे आहेत. त्यांना दह्याचं काही चालत नाही. पण कोणी विचारलं की त्यांच्या तोंडून नाही निघत नाही. आता म्हणतात, मागवायलाच नको."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागलं. मी त्यांच्याशी एकदाही उद्धट बोलले नव्हते. मग चुकलं कुठे?

रात्री त्यांचं सगळं चॅट वर सरकवत वाचलं. चूक त्या 'पाठवू का?' मध्ये होती. प्रश्न विचारला की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि आपल्याकडे वयस्क माणसाला कोणाच्या तोंडावर नाही म्हणणं जड जातं. मी जितकी गोड बोलत होते, तितकं ते आणखी जड होत होतं. ऑनलाइन विक्री शिकवणाऱ्या एका वर्गात आम्हाला बजावलं होतं, ग्राहकाचं उत्तर घेतल्याशिवाय संभाषण सोडू नका. तो सल्ला मी इमानेइतबारे पाळला. आज मला तो सरळ चुकीचा वाटतो.

मग इतरांची चॅट पाहिली. मनापासून दिलेल्या होकाराला काहीतरी चिकटलेलं असतं. 'दोघांना पुरेल ना?', 'आंबट कमी ठेवा', 'कढी वेगळी बांधा.' भिडेचा होकार मात्र उघडाबोडका असतो, 'बरं', 'ठीक', 'टाका'. आणि असा होकार देणारा पुढच्या वेळी ती वस्तू स्वतःहून मागत नाही.

आता मजकूर असा आहे: 'तुमची ऑर्डर लिहिली. आज ताकाची कढीही आहे, पाव लिटर ४० रुपये. हवी असल्यास कळवा, नाहीतर ऑर्डर आहे तशीच निघेल.' म्हणजे गप्प राहणं हाच नकार. हे मी ऑर्डर पक्की झाल्यावर पण बिल पाठवण्याआधी लिहिते. बिलानंतर लिहिलं तर आकडा बदलावा लागतो, आणि पैसे आल्यावर लिहिलं तर चाळीस रुपयांसाठी माणसाला पुन्हा फोन उघडून बसावं लागतं. एका ऑर्डरीला एकच वस्तू, तीही त्या पदार्थाबरोबर खाल्ली जाणारी. ओळीने तीनदा कोणी गप्प राहिलं, तर त्यांच्या नावाला 'विचारू नये' असं लेबल लावते.

कढी घेणारे दहात तिघांवर आले. जाऊबाई नाराज झाल्या. "विकायले बसलो आणि विचारायचं नाही, असं कसं जमन?" त्यांचं अगदीच खोटं नाही. घटलेली रक्कम वहीत दिसते, पण भिडेपायी मागवणं सोडलेली माणसं वहीत दिसत नाहीत. काकांच्या मुलीने फोन केला नसता, तर मलाही कळलं नसतं. असे आणखी किती जण गेले, हे मोजायला माझ्याकडे काही साधन नाही आणि ते डोक्यातून जात नाही.

काकांची मी मेसेज करून माफी मागितली. दोन आठवड्यांनी त्यांनी पुन्हा एक प्लेट मागवली. मी फक्त 'लिहिलं, एक वाजता पोचेल' एवढंच कळवलं. थोड्या वेळाने त्यांचाच मेसेज आला, 'फोडणीचं तेल थोडं जास्त मिळेल का? कोरडा लागतो.'

इतके महिने कढीच्या नादात हे मला सुचलंच नव्हतं. लहान डबीचे १५ रुपये होतील, असं मी लिहिलं.

'चालेल. त्यात लाल मिरच्या दोन टाका, आणि हिंग कंजुषी न करता.'