‘शेतक-या’पासून ‘शेतकऱ्या’पर्यंत

स्वातंत्र्यापूर्वी छापलेल्या शेतीच्या एका पुस्तकातलं विहीर आणि मोटेवरचं प्रकरण मला शोधता येईल अशा मजकुरात हवं होतं. स्कॅन 300 डीपीआयचा आणि बऱ्यापैकी स्वच्छ होता. चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रॅमला, पान एका स्तंभाचं असल्यामुळे, सगळा मजकूर एकच सलग ठोकळा आहे असं सांगून ते वाचून घेतलं:

```
tesseract p01.png p01 -l mar --psm 6
```

हाती आलेली एक ओळ अशी होती: ‘विहिरींतपाणी नसेलतर शेतक-यानें नाडाव सोंदूर ह्या दोन् ही दो-या का ढून वाळवाव्या.’ पानावर होतं: ‘विहिरींत पाणी नसेल तर शेतकऱ्यानें नाडा व सोंदूर ह्या दोन्ही दोऱ्या काढून वाळवाव्या.’

प्रत्येक चुकीला कारण होतं. ओळ समासापर्यंत नेमकी पोचावी म्हणून जुळाऱ्याने कुठे शब्दांमधली जागा आवळली होती, कुठे सैल सोडली होती. आवळलेल्या ओळीत शिरोरेषा एकमेकींना भिडतात आणि दोन शब्दांचा एक होतो. सैल ओळीत किंवा झिजलेल्या खिळ्याच्या ठशात शिरोरेषा तुटते, की शब्दाचे तुकडे होतात. जोडाक्षराच्या मधेच ती तुटली, तर हलन्तानंतर मोकळी जागा येते आणि ‘दोन् ही’ होतं.

सगळ्यात जास्त वेळ ऱ्य आणि ऱ्ह यांनी घेतला. ती छोटी वळणदार रेघ वाचताना आडवी रेघ ठरते: शेतक-या, दो-या, गु-हाळ. ‘-य’ आणि ‘-ह’ दिसेल तिथे सरसकट बदल करावा असा मोह होतो. पण याच प्रकरणात मोट ‘हळू-हळू’ सोडावी असं छापलं आहे आणि सरसकट बदलात त्याचं ‘हळूऱ्हळू’ होईल. म्हणून आधी अशा सगळ्या शब्दांची यादी काढली, खऱ्या जोडरेघेचे शब्द बाजूला ठेवले आणि उरलेलेच बदलले. ओळीच्या शेवटी शब्द तोडणारी जोडरेघ काढायचं काम मुद्दाम यानंतर ठेवलं. सगळ्या जोडरेघा आधीच उडवल्या असत्या तर ‘दो-या’चं ‘दोया’ झालं असतं आणि ऱ्य कुठे होता याची खूणच उरली नसती.

तुटलेल्या जोडाक्षरांसाठी पायथनच्या दोन ओळी पुरल्या:

```
t = re.sub(r"\u094D +(?=[क-ह])", "\u094D", t)
t = re.sub(r" +(?=[\u0901-\u0903\u093E-\u094D])", "", t)
```

पहिली ओळ हलन्तानंतरची मोकळी जागा काढते, दुसरी काना-मात्रा-अनुस्वार आपापल्या अक्षराला चिकटवते. दुसरी निर्धास्त चालवता येते, कारण मोकळ्या जागेनंतर सुटी मात्रा मराठीत कधीच येत नाही. पहिलीचं तसं नाही. जुन्या छपाईत ‘अर्थात् तो’ असं लिहितात, त्याचं ‘अर्थात्तो’ होतं. अर्थात्, पश्चात्, क्वचित् असे शब्द आधी वगळले.

चिकटलेले शब्द मात्र नियमाने सुटत नाहीत. मराठीत शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहितात, त्यामुळे ‘विहिरीजवळ’ बरोबर आणि ‘नसेलतर’ चूक, हे यंत्राने कशावरून ओळखायचं? ‘पाहूनका’ हे ‘पाहू नका’ की ‘पाहून का’, हे वाक्यच सांगतं. शब्दांची वारंवारता काढून एकदाच आलेले शब्द तेवढे तपासले:

```
tr -s ' ' '\n' < mot.txt | sort | uniq -c | sort -n
```

चिकटलेले आणि मोडलेले बहुतेक शब्द या यादीच्या सुरुवातीलाच सापडतात. सोबत थारोळे, सोंदूर असे अस्सल शब्दही येतात. शुद्धलेखन तपासनीस त्यांना लाल रेघ मारतो, म्हणून पानाचं चित्र शेजारी उघडं ठेवल्याशिवाय एकही शब्द बदलला नाही.

यादीत न सापडणाऱ्या चुका जास्त घातक, कारण चुकीचा शब्दही खराच असतो. ‘विद्या’चं ‘विधा’, ‘दऱ्या’चं ‘दर्या’, ‘घार’चं ‘धार’. मोटेच्या प्रकरणात पाण्याची धार पानोपानी आहे, तिथे आकाशातली घार कुणाच्या लक्षात येणार? त्यासाठी अख्खं प्रकरण चित्राशी ताडून ओळीने वाचावंच लागलं.

शेवटी रचना. पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नाव आणि पृष्ठांक वाक्याच्या मधोमध घुसले होते. ते काढले, पण प्रत्येक पान जिथे सुरू होतं तिथे पृष्ठांकाची बारीक खूण ठेवली, म्हणजे मूळ पानाचा संदर्भ देता येतो. तळटीपा त्यांच्या फुल्यांसकट प्रकरणाच्या शेवटी नेल्या. परिच्छेद कुठे सुरू होतो हे पहिल्या ओळीच्या आत सरकलेल्या कडेवरून चित्रातच पाहिलं, कारण मजकुरात ती कड येत नाही. ‘नाहीं’, ‘करावें’ यांवरचे अनुस्वार जसेच्या तसे ठेवले. शाई उडून जे अक्षर वाचताच येत नव्हतं, तिथे अंदाज न लावता [?] घातलं आहे.